मागच्या चाकालाही एबीएस हवे का? सिंगल आणि ड्युअल चॅनेलमधला खरा फरक

भारतात 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठे इंजिन असलेल्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस बंधनकारक आहे, आणि 125 सीसीपर्यंतच्या दुचाकीला एबीएस किंवा दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यांपैकी एक यंत्रणा असावी लागते. त्यामुळे 150 किंवा 200 सीसीची मोटारसायकल घ्यायला शोरूममध्ये गेलेल्या माणसाने ‘एबीएस आहे का’ असे विचारले, तर त्याला होकारच मिळणार. हा नियम फक्त पुढच्या चाकाला एबीएस देऊनही पूर्ण होतो. म्हणून खरेदीदाराने विचारायचा प्रश्न वेगळा आहे: एबीएस एका चाकाला आहे की दोन्ही चाकांना? सिंगल चॅनेल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल चॅनेल म्हणजे दोन्ही चाकांना, इतके उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. मागच्या चाकाच्या एबीएसमुळे नेमके काय मिळते आणि ते कधी मिळते, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

ब्रेक जोरात दाबल्यावर चाकाचे फिरणे पूर्ण थांबले आणि गाडी मात्र पुढे सरकत राहिली, की चाक लॉक झाले असे आपण म्हणतो. लॉक झालेला टायर रस्त्यावर घासत जातो. त्याची थांबवण्याची ताकद थोडी कमी होते, पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे बाजूला घसरण्याला विरोध करण्याची त्याची ताकद जवळजवळ संपते. दुचाकी सरळ उभी राहते ती टायरच्या याच आडव्या पकडीवर. चाक लॉक होऊ न देणे एवढेच एबीएसचे काम आहे. चाकासोबत एक दातेरी किंवा भोके असलेली कडी फिरते आणि तिच्याशेजारी बसवलेला सेन्सर त्या दातांवरून चाकाचा वेग सतत मोजतो. गाडीचा वेग ज्या गतीने कमी होऊ शकतो, त्याहून कितीतरी झपाट्याने चाकाचा वेग पडू लागला, की चाक लॉक होण्याच्या बेतात आहे हे नियंत्रकाला कळते. मग हँडलवरील मास्टर सिलिंडर आणि चाकाजवळचा कॅलिपर यांच्यामध्ये बसवलेला मॉड्युलेटर आपल्या झडपा उघडतो-मिटतो, ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर सोडतो आणि चाक फिरू लागताच पुन्हा वाढवतो. हे एका सेकंदात अनेकदा घडते आणि चालकाला ते लिव्हरमधल्या थरथरीच्या रूपात जाणवते.

चॅनेल म्हणजे दाब स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येईल असा ऑइलचा एक मार्ग. सिंगल चॅनेलमध्ये असा मार्ग फक्त पुढच्या ब्रेकचा असतो. मागचा ब्रेक डिस्कचा असो वा ड्रमचा, त्याच्यावर यंत्रणेचा कोणताही ताबा नसतो आणि पायाने जितका दाब दिला जाईल तितका तो थेट चाकावर जातो. आपल्याकडच्या दुचाकींचा ड्रम ब्रेक सळईने किंवा केबलने ओढला जातो. त्यात ऑइलच नसल्यामुळे मॉड्युलेटरला सोडण्यासारखा दाबच तेथे नसतो. म्हणून मागे असा ड्रम असलेली गाडी ड्युअल चॅनेलची असूच शकत नाही. याचे उलट मात्र खरे नाही. मागे डिस्क असूनही एबीएस फक्त पुढे, अशा मोटारसायकली बाजारात बऱ्याच आहेत, आणि यामाहाची एफझी-एस हे त्यांतले परिचित उदाहरण आहे. मागची चकाकणारी डिस्क पाहून ड्युअल चॅनेल गृहीत धरणे ही खरेदीतली फार नेहमीची चूक आहे.

एकाच चाकाला एबीएस द्यायचे असेल तर ते पुढच्या चाकाला द्यावे, यात शंका नाही. ब्रेक लावताच गाडीचा आणि चालकाचा भार पुढे झुकतो, पुढचा टायर रस्त्यावर अधिक जोराने दाबला जातो आणि थांबवण्याचे बहुतेक काम तोच करतो. शिवाय पुढचे चाक लॉक झाले तर गाडीची दिशा आणि तोल दोन्ही एकाच वेळी जातात, आणि सावरायला मिळणारा वेळ इतका अल्प असतो की सराईत चालकही बहुधा पडतो. मागचे चाक लॉक झाले तर गाडीचा मागचा भाग डावी-उजवीकडे वाहवत जातो, पण पुढचे चाक फिरत असेपर्यंत सरळ रस्त्यावर गाडी काही काळ तरी सावरता येते. म्हणजे सिंगल चॅनेल सर्वांत जीवघेणा धोका टाळते. ते नावापुरते एबीएस आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

मग मागच्या चाकासाठी जास्तीचे पैसे का मोजायचे? विक्रेत्यांकडून आणि अनुभवी चालकांकडूनही याचे एक ठरलेले उत्तर ऐकू येते: सत्तर-ऐंशी टक्के ब्रेकिंग पुढच्या चाकानेच होते, मागच्याचे काय एवढे! कोरड्या रस्त्यावर हे बरोबर आहे, पण ओल्या रस्त्यावर हे गणित बदलते. हा बदल आकड्यांनी पाहण्यासारखा आहे.

एक साधारण मोटारसायकल घेऊ. गाडी 160 किलो, चालक 70 किलो, एकूण 230 किलो. दोन चाकांच्या आसांमधले अंतर 1.35 मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची 0.6 मीटर धरू. गाडी उभी असताना पुढच्या चाकावर सुमारे 110 किलो आणि मागच्यावर 120 किलो भार आहे. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायरची पकड त्याच्यावरील भाराच्या 80 टक्के मानू. दोन्ही ब्रेक पूर्ण क्षमतेने लावले, तर सुमारे 82 किलो भार मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकावर 192 किलो येतात आणि मागे फक्त 38 उरतात. त्यांचे 80 टक्के काढले, की पुढचे चाक 154 किलो वजनाइतक्या बळाने गाडी थोपवते आणि मागचे 30 किलोइतक्या. एकूण कामापैकी मागच्या चाकाचा वाटा साधारण एक षष्ठांश, म्हणजे ठरलेले उत्तर येथे खरे ठरते.

आता तीच गाडी जूनच्या पहिल्या सरींनंतरच्या रस्त्यावर आणू. या वेळी डांबरावर साचलेले तेल, धूळ आणि टायरचा चुरा पाण्यात मिसळून निसरडा थर झालेला असतो. पकड निम्म्यावर, म्हणजे 40 टक्क्यांवर आली असे धरू. पकड कमी म्हणून वेग हळू घटतो आणि वेग हळू घटतो म्हणून भारही कमी सरकतो. आता फक्त 41 किलो पुढे जातात. पुढच्या चाकावर 151 किलो राहतात आणि मागच्यावर तब्बल 79. त्यांचे 40 टक्के काढले, की पुढच्या चाकाचे बळ 154 वरून 60 किलोवर कोसळते, तर मागच्याचे जवळजवळ तेवढेच, सुमारे 32 किलो राहते. कोरड्यात एक षष्ठांश असलेला मागच्या चाकाचा वाटा पावसात एक तृतीयांशापेक्षा किंचित जास्त होतो. पाऊस पुढच्या ब्रेकची ताकद हिरावून घेतो. मागच्या ब्रेकची फारशी घेत नाही.

याचा थांबण्याच्या अंतरावर काय परिणाम होतो तेही पाहू. वेग ताशी 60 किलोमीटर आहे आणि चालक मागचे चाक लॉक होण्याच्या भीतीने फक्त पुढचाच ब्रेक वापरतो असे समजू. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेकनी गाडी सुमारे 18 मीटरमध्ये थांबली असती. फक्त पुढच्याने ती 24 मीटर घेते. ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक पूर्ण वापरता आले तर 35 मीटर लागतात आणि फक्त पुढच्याने सुमारे 61. हे अंतर ब्रेक लागल्यानंतरचे आहे. धोका दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्यातच आणखी 17 मीटर जातात. प्रत्यक्षात गाडी, टायर आणि रस्ता यांनुसार हे आकडे बदलतील आणि कोणतेही एबीएस उपलब्ध पकडीचा शेवटचा कण वापरत नाही. पण कोरड्यात सहा मीटरचा असलेला फरक पावसात सव्वीस मीटरचा होतो, हे प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे.

अर्थात सिंगल चॅनेलच्या गाडीवरही मागचा ब्रेक वापरता येतो. निष्णात चालक पायाचा दाब असा राखू शकतो की चाक लॉक होण्याच्या अगदी अलीकडे राहील. पण बस अचानक आडवी आल्यावर किंवा पुढच्या रिक्षाने जागीच ब्रेक मारल्यावर पायाकडून ही नजाकत अपेक्षिणे फारसे व्यवहार्य नाही. आपल्याकडचे बहुसंख्य चालक दोन्हीकडे ड्रम असलेल्या गाड्यांवर शिकले आणि ‘पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील’ हे घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकतच मोठे झाले. संकटाच्या क्षणी त्यांचा उजवा पाय सर्व ताकदीनिशी खाली जातो. सिंगल चॅनेलच्या गाडीवर नेमकी हीच प्रतिक्रिया असुरक्षित राहते, कारण पाय ज्या चाकाला थांबवतो त्याच चाकावर यंत्रणेचे लक्ष नसते. मधोमध उंच आणि कडेला उतरत्या रस्त्यावर, घाटाच्या वळणावर, ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर, गटाराच्या लोखंडी झाकणावर किंवा उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातून आणलेल्या चिखलावर मागचे चाक लॉक झाले, तर ते सरळ मागे घासत न राहता उताराच्या दिशेने आडवे जाते. अशा आडव्या गाडीवर घाबरून ब्रेक सोडला तर मागच्या टायरला एकदम पकड मिळते, गाडी झटक्याने सरळ होते आणि चालक वरच्या बाजूने फेकला जाऊ शकतो. ड्युअल चॅनेलमध्ये चाक त्या अवस्थेपर्यंत जातच नाही. पाय कितीही जोरात दाबला तरी पेडल थरथरते आणि चाक फिरत राहते. ड्युअल चॅनेलचे खरे मोल मला यात दिसते: पावसात ज्या चाकाचा वाटा वाढतो, ते चाक चालक निर्धास्तपणे वापरू शकतो.

तरीही ड्युअल चॅनेल सगळ्यातून वाचवत नाही. वेग जास्त असताना एकदम दोन गिअर खाली टाकून क्लच सोडला, तर मागचे चाक ब्रेकने नाही तर साखळीमार्गे इंजिनच्या ओढीने घसरते. एबीएस फक्त ब्रेकचा दाब सोडू शकते, इंजिनचा नाही. तेथे इंजिनची अशी ओढ आली की आपोआप थोडा सुटणारा स्लिपर क्लच उपयोगी पडतो. दुसरी मर्यादा वळणाची. साधे एबीएस, मग ते दोन्ही चाकांचे का असेना, गाडी किती कललेली आहे हे ओळखत नाही. ते ओळखणारे कॉर्नरिंग एबीएस केटीएम 390 ॲडव्हेंचरसारख्या मोजक्या गाड्यांवर मिळते. तिसरी मर्यादा सैल खडीची. खडीवर लॉक झालेले चाक आपल्यापुढे खडीचा छोटा ढीग करते आणि त्याने गाडी थांबायला मदत होते. एबीएस चाक फिरते ठेवते, त्यामुळे तेथे थांबण्याचे अंतर वाढू शकते. याच कारणाने 2020 पासूनच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनवर मागच्या चाकाचे एबीएस बटणाने बंद करण्याची सोय आली. पण ही सोय कच्च्या वाटेसाठी आहे. डांबरावर आल्यावर ते पुन्हा चालू झाले आहे याची खात्री करून घ्यायला हवी.

एवढे पाहिल्यावर मोटारसायकलबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जी गाडी महामार्गावर, घाटात किंवा पावसाळ्यात रोज ताशी 60 किलोमीटरच्या आसपास वा त्याहून वेगाने चालणार आहे, त्या गाडीसाठी खरेदीदाराने ड्युअल चॅनेलचाच आग्रह धरावा. मागे पत्नी, मुलगा किंवा सामान बसणार असेल तर हा आग्रह अधिक योग्य ठरतो, कारण मागच्या चाकावरचा भार वाढला की त्याची थांबवण्याची क्षमताही वाढते. एकाच मॉडेलच्या दोन प्रकारांत हा पर्याय असतो तेव्हा निवड सोपी होते. रॉयल एनफिल्ड हंटर 350 बाजारात आली तेव्हा तिच्या स्वस्त रेट्रो प्रकाराला मागे ड्रम आणि सिंगल चॅनेल होते, तर मेट्रो प्रकाराला मागे डिस्क आणि ड्युअल चॅनेल. अशा वेळी रंग, ॲलॉय चाके किंवा मीटर यांच्याआधी हा फरक पाहावा, कारण बाकीच्या बहुतेक गोष्टी नंतर बदलता येतात, एबीएस मात्र येत नाही. मागची डिस्क, दुसरा मॉड्युलेटर मार्ग, सेन्सर, वायरिंग आणि त्या गाडीसाठी जुळवलेला नियंत्रक हे सारे नंतर बसवून घेणे व्यवहारात शक्य नसते. कोणी गॅरेजवाला ‘एबीएससारखे’ म्हणून ब्रेकच्या नळीत बसवायचे स्वस्त उपकरण सुचवत असेल, तर ते घेऊ नये. त्यात चाकाचा वेग मोजणारे काहीच नसते.

अंदाजपत्रकात ड्युअल चॅनेल बसत नसेल, तर सिंगल चॅनेलची गाडी सीबीएसच्या गाडीपेक्षा नक्कीच चांगली. सीबीएस मागचा ब्रेक दाबल्यावर पुढचाही थोडा लावते, म्हणजे दाब वाटून देते. पण चाक लॉक होऊ लागले तर तो दाब सोडत नाही.

स्कूटरच्या बाबतीत हाच आग्रह धरला तर निवडीला फारसे काही उरणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक 110 आणि 125 सीसी स्कूटरना मागे ड्रम आणि सीबीएस असते. यामाहा एरॉक्स 155 सारख्या मोठ्या स्कूटरलाही सिंगल चॅनेलच आहे. स्कूटरचे इंजिन मागच्या चाकालगत असल्याने मागचा भार मुळातच अधिक असतो, त्यामुळे मागचे चाक मोटारसायकलच्या तुलनेत थोडे उशिरा लॉक होते. गिअर नसल्याने चुकीच्या डाउनशिफ्टचाही प्रश्न येत नाही. दुसऱ्या बाजूला चाके लहान, म्हणून खड्ड्यात आणि खडीवर ती लवकर गडबडतात. म्हणून स्कूटर घेणाऱ्याने किमान पुढे डिस्क आणि तिला एबीएस एवढा हट्ट धरावा. शहरातल्या ताशी 40 किलोमीटरच्या वापरात त्याने सर्वांत मोठा धोका टळतो, आणि मागच्या ब्रेकला ड्रम असल्याबद्दल फार खंत करण्याचे कारण नाही. जून 2025 मध्ये केंद्र सरकारने सर्व नव्या दुचाकींना, इंजिनाचा आकार न पाहता, एबीएस देण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यामुळे लहान गाड्यांच्या खरेदीतही ‘किती चॅनेल’ हा प्रश्न विचारण्याची वेळ येते.

शोरूममध्ये फक्त शब्दावर विसंबू नये. पुढच्या चाकाजवळ दातेरी कडी आहे आणि मागच्या चाकाजवळही आहे, एवढ्यावरून ड्युअल चॅनेल सिद्ध होत नाही. काही सिंगल चॅनेल यंत्रणा गाडीचा खरा वेग कळावा किंवा मागचे चाक उचलले जाते आहे हे ओळखावे म्हणून मागच्या चाकाचाही वेग मोजतात, पण मागचा ब्रेक सोडत मात्र नाहीत. खात्रीची खूण मॉड्युलेटरवर असते. सीटखाली किंवा टाकीखाली असलेल्या त्या छोट्या धातूच्या ठोकळ्याला ब्रेक ऑइलच्या चार नळ्या जोडलेल्या असतील, दोन येणाऱ्या आणि दोन जाणाऱ्या, तर यंत्रणा ड्युअल चॅनेलची आहे. दोनच नळ्या असतील तर सिंगल. ठोकळा दिसत नसेल तर माहितीपत्रकावर चॅनेलची संख्या लिहून दाखवायला सांगावे. टेस्ट राइडमध्ये, मोकळ्या आणि सरळ जागी, ताशी 25 च्या वेगाने फक्त मागचा ब्रेक ठामपणे दाबून पाहता येतो. पेडल थरथरले आणि चाक फिरत राहिले तर मागे एबीएस आहे. चाक घासत गेले आणि मातीवर सलग रेघ उमटली तर नाही. पुढच्या ब्रेकवर हा प्रयोग करू नये.

जुनी गाडी घेताना मीटरवरचा एबीएसचा दिवा पाहावा. किल्ली फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि गाडी थोडी चालल्यावर विझला पाहिजे. चालतानाही तो लागून राहिला तर साधे ब्रेक काम करतील, पण एबीएस बंद आहे. किल्ली फिरवूनही तो लागतच नसेल तर जास्त सावध राहावे, कारण बिघाड लपवण्यासाठी दिवाच काढून टाकलेला असू शकतो. बिघाड पुष्कळदा साधा असतो. पंक्चर काढताना चाक उतरवले, कडी वाकली किंवा सेन्सर नीट बसला नाही, की त्यांच्यातले बारीक अंतर बिघडते आणि यंत्रणा स्वतःला बंद करते. म्हणून पंक्चरवाल्याकडून निघताना थोडे अंतर चालवून दिवा विझतो का ते तेथेच पाहावे आणि विझला नाही तर चाक पुन्हा नीट बसवून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, आणि कोकण-गोव्यासारख्या दमट हवेत तर अधिकच. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे, कारण मॉड्युलेटरच्या झडपा त्याच ऑइलमध्ये काम करतात आणि गंजलेला मॉड्युलेटर दुरुस्त न होता पूर्णच बदलावा लागतो.